मदत हवी आहे : बाबांच्या अंगठ्याच्या नखावरची काळी रेघ

आम्ही डोंबिवलीला राहतो. बाबा ६१ वर्षांचे. उजव्या अंगठ्याच्या नखावर मुळापासून टोकापर्यंत तपकिरी-काळी उभी रेघ आहे. ते म्हणतात, "लोकलच्या दारात चेमटलं होतं, रक्त साकळलंय."

मला ते पटेना. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं, कारण हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं. म्हणून जानेवारीत नखाच्या मुळाशी कानशीने बारीक खूण केली आणि फोटो काढला. तीन महिन्यांत खूण बरीच पुढे गेली, पण रेघ मुळापासून तशीच उगवतेय. म्हणजे हा रंग मुळातच तयार होतोय.

आपल्यासारख्या सावळ्या लोकांत अशा रेघा बऱ्याचदा निरुपद्रवी असतात, हे माहीत आहे. आईच्याही चार-पाच नखांवर फिकट रेघा आहेत, वर्षानुवर्षं तशाच. बाबांची मात्र एकाच नखावर, आणि दोन मिमीची चार मिमी झालीय. मुळाशी रुंद, टोकाला निमुळती, रंगही एकसारखा नाही. परवा नखाच्या मुळाजवळच्या कातडीवरही काळसर छटा दिसली, तेव्हा पोटात गोळाच आला. नखाखालच्या मेलानोमाचं, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाचं, हे लक्षण असू शकतं ना? दुखत नाही म्हणून बाबा टाळतायत (दुखणं इथे निकषच नाही, पण सांगणार कोण!).

डर्मोस्कोपी, म्हणजे खास भिंगातून तपासणी, करणारे आणि गरज पडल्यास नखाच्या मुळाची बायोप्सी करणारे त्वचारोगतज्ज्ञ ठाणे-दादरकडे कुणाला माहीत आहेत का? याच आठवड्यात न्यायचंय. बायोप्सीनंतर नख कायमचं दुभंगतं का, हेही अनुभवींनी सांगा.