‘सुदामत’: मोडी कागदातील एका शब्दाची फोड

पेडण्याहून, चर्चा सुरू करणारा

आमच्या घरच्या पेटीत सावंतवाडीकरांच्या अमलातला एक मोडी कागद सापडला आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी तो मला वाचून दिला. त्यातले एक वाक्य त्यांनी असे लिहून दिले: ‘मौजे मजकूर येथील कुळागर सुदाम तप्रमाणे चालत आले आहे, तेणेप्रमाणे चालवणे.’ घरात यावरून वाद पेटला आहे, कारण काकांच्या मते सुदाम नावाचा आमचा कोणी पूर्वज होता आणि कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, त्याचे होते. वकिलांना या कागदाचा इंग्रजी तर्जुमा हवा आहे. ‘तप्रमाणे’ हा शब्द मला कोणत्याही कोशात मिळाला नाही. हा गोमंतकी बोलीतला जुना शब्द आहे काय?

म्हापशाहून

‘तप्रमाणे’ म्हणजे ‘त्याप्रमाणे’. मोडी लिहिणारे घाईत असत, काने-मात्रे गाळत असत. सुदाम जसा वहिवाट करीत होता त्याप्रमाणे चालवावे, असा अर्थ सरळ लागतो.

पणजीहून, मोडी वाचणारा

काने-मात्रे गळतात हे खरे आहे, परंतु येथे तो आधार टिकत नाही. याच वाक्यात पुढे त्याच लेखकाने ‘तेणेप्रमाणे’ हा शब्द मात्रांसह पूर्ण लिहिला आहे. जो लेखक एका ओळीत ‘तेणे’ नीट लिहितो, तो त्याच ओळीत ‘त्या’साठी नुसता ‘त’ टाकून पुढे जाईल हे संभवत नाही. शिवाय ‘चालत आले’ या क्रियेत कर्ता कुळागर आहे, सुदाम नाही. सुदाम माणूस असता तर ‘सुदामाचे’ अथवा ‘सुदामाकडे’ असा विभक्तीचा प्रत्यय लागला असता, आणि हुकुमात नाव येते तेव्हा सहसा बापाचे नाव, आडनाव किंवा हुद्दा असे काहीतरी सोबत येते. येथे यांपैकी काहीच नाही.

मोडीत शिरोरेषा आधी सलग ओढून घेतात, मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. म्हणजे कागदावर मुळात ‘कुळागरसुदामतप्रमाणेचालतआलेआहे’ अशी एकच साखळी असणार आणि ती तोडण्याचे काम वाचणाऱ्याचे. तोडल्यावर एखादे अक्षर निराधार उरले, तर लेखक चुकला असे म्हणण्याआधी आपण चुकीच्या जागी तोडले असे समजावे. तुमचा ‘त’ तसा उरला आहे. तो मागे जोडा: ‘सुदामत प्रमाणे’. सुदामत हा फारसीतून आलेला शब्द पेशवेकालीन कागदांत वारंवार भेटतो. पूर्वीपासून खंड न पडता चालत आलेली रीत, असा त्याचा अर्थ. तुमच्या पूर्वजांत सुदाम असेलही, पण या ओळीत तो नाही.

फोंड्याहून

माझ्या आजोळच्या देवस्थानाची वही आहे, तीही वाचायला कोणी मिळत नाही. अक्षरे गोल गोल आहेत आणि वर रेघ अजिबात नाही. सर, ही घाईत लिहिलेली मोडी असेल काय?

पणजीहून

बाई, वर रेघ नाही आणि अक्षरे गोल आहेत, तर ती बहुधा मोडी नव्हे, कंदवी असावी. तिलाच गोयकानडी म्हणतात. ती कानडीच्या वळणाची वेगळी लिपी आहे आणि मोडी येणाऱ्याला ती आपोआप वाचता येत नाही. आपण तिचा स्वतंत्र धागा काढावा, येथे दोन्ही मिसळल्यास गोंधळ होईल.

म्हापशाहून

सुदामत मान्य. मग ते ‘सालाबाद’च झाले ना? आमच्याकडे गाऱ्हाण्यात ‘सालाबादप्रमाणे’ अजूनही म्हणतात.

पणजीहून

जवळचे आहे, पण एकच नाही. सालाबाद म्हणजे दरसाल पुन्हा घडणारे: जत्रा, वर्षासन, ठरलेले देणे. सुदामत हे स्थितीला लागते, जी मध्ये मोडलेली नाही. कुळागर दरसाल नव्याने ‘घडत’ नाही, त्याची वहिवाट चालू असते. म्हणून लेखकाने येथे नेमका शब्द वापरला आहे. इंग्रजी करताना ‘दरवर्षीप्रमाणे’ अशा अर्थाचे शब्द घालू नयेत; ‘पूर्वापार अखंड रीतीप्रमाणे’ असा अर्थ उतरायला हवा. आणि वकिलांना हेही सांगावे की हा हुकूम मालक कोण हे ठरवत नाही, आहे ते चालू द्या एवढेच म्हणतो.

पेडण्याहून

काकांना हे सांगणे कठीण आहे, पण धन्यवाद. तर्जुम्याचा एक कच्चा मसुदा झाला होता. त्यात ‘मौजे मजकूर’चे ‘मजकूर नावाचे गाव’ असे केले आहे. तेही चुकले काय?

पणजीहून

चुकले. आज मजकूर म्हणजे लिहिलेला भाग. जुन्या कागदात तो ‘वर सांगितलेला’ या अर्थी येतो. मौजे मजकूर म्हणजे वर ज्याचे नाव आले ते गाव. नाव कागदाच्या सुरुवातीला असेल, तेच घ्या.

माझी विनंती अशी की तर्जुमा बाजूला ठेवून आधी बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतारा करा: मूळच्या ओळी तशाच ठेवून, शब्द न तोडता, लेखकाचे शुद्धलेखन न सुधारता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, तो उताऱ्यात स्वतःहून घालू नका. मग गावाचे नाव, तारीख, मायना असे ज्याबद्दल शंका नाही असे शब्द शोधून त्यांतली अक्षरे एका पानावर उतरवा. त्याच हाताचा ‘त’ आणि ‘म’ त्यात मिळेल, आणि संशयाची जागा त्याच्याशी ताडता येईल. वाचन, तोडणे आणि भाषांतर एकाच दमात केले की सुदाम जन्माला येतो.

पेडण्याहून

तारीख ‘छ १० मोहरम सु॥ सबा सबैन मया व अलफ’ अशी वाचली आहे.

म्हापशाहून

सबा सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार; म्हणजे ११७७. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन; इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे, म्हणून १७७६.

पणजीहून

सन बरोबर, बेरीज अर्धी बरोबर. सुहूर सन मृगाच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवावे लागतात. मोहरम हा चांद्र महिना असल्याने तो कोठे पडतो ते जंत्रीत पाहावे लागते. त्या वर्षी तो फेब्रुवारीत पडला होता, म्हणून हा कागद फेब्रुवारी १७७७ चा. पेडणे महाल तेव्हा पोर्तुगीजांकडे गेलेला नव्हता, हेही जुळते.

पेडण्याहून

शेवटची शंका. खाली ‘सुपारी मण ५॥’ असे आहे. हे साडेपाच मण धरावेत ना?

म्हापशाहून

अर्थात. दोन दंड म्हणजे अर्धा.

पणजीहून

अंकापुढे तसे असते. पण वर ‘सु॥’मध्ये तेच दोन दंड शब्द आखडल्याची खूण आहेत. म्हणून पुढे काय आहे ते पाहिले पाहिजे. रक्कम अक्षरी दिली आहे काय?

पेडण्याहून

तेथेच घडी फाटली आहे. ‘साडे’ असावे असे वाटते, पण ‘सा’नंतरचे काही दिसत नाही.

पणजीहून

मग ‘साडे’ही असेल आणि ‘सालाबाद’ही. छायाचित्र तिरप्या उजेडात घेऊन पाहा. तोवर उताऱ्यात ‘५॥’ जसेच्या तसे ठेवा, ‘सा’ पुढे टिंबे द्या आणि वकिलांच्या प्रतीत साडेपाच लिहू नका.