सहा महिन्यांनी पहिला हप्ता: फर्निचरच्या किमतीत मुरलेलं व्याज कसं काढता?

मृणाल_नाशिक
आज एका दुकानाबाहेर फलक दिसला, "आजच घरी न्या, पहिला हप्ता सहा महिन्यांनी, व्याज शून्य", आणि दारावर येणारे कपाटांचे हप्तेवाले आठवले. त्यांच्या कार्डावरही व्याज कुठे लिहिलेलं नसायचं, नुसती किंमत आणि सह्या. आत जाऊन विचारलं तर सोफा आणि बॉक्स बेड मिळून रोखीने ४८,०००, हप्त्यांवर ६०,०००. आज काही भरायचं नाही. सहाव्या महिन्यापासून ५,००० चे १२ हप्ते. ज्यांनी असे व्यवहार जवळून बघितलेत त्यांनी यातला दर कसा काढायचा ते आकड्यांसकट लिहा.

संज्या७२
सोपंय. जादा १२ हजार. ४८ वर १२ म्हणजे २५ टक्के. शेवटचा हप्ता १७व्या महिन्यात. २५ भागिले १७, गुणिले १२. साडेसतराच्या आसपास. क्रेडिट कार्डापेक्षा पुष्कळ बरं, घेऊन टाका.

विद्याताई_सांगली
संजयदादा, २५ टक्क्यांपर्यंत बरोबर. पण ४८,००० पूर्ण १७ महिने आपल्याकडे राहत नाहीत ना. पहिले पाच हजार सहाव्या महिन्यात परत जातात, शेवटचे सतराव्यात. सहा आणि सतरा यांचा मध्य साडेअकरा. म्हणजे सरासरीने पैसे साडेअकरा महिने वापरायला मिळाले आणि त्याचे २५ टक्के मोजले. वर्षाचे २६ झाले. दुकानात उभ्या उभ्या एवढा हिशेब पुरतो.

पक्कं बघायचं तर महिन्याला २ टक्के धरून वही लिहा. ४८,००० वर पहिल्या महिन्याचं व्याज ९६०, ते मुद्दलात मिळवायचं. पुढच्या महिन्यात ४८,९६० वर २ टक्के. असं करत सहावा महिना संपतो तेव्हा देणं ५४,०५६ झालेलं असतं. त्यातून पहिला हप्ता ५,००० वजा केला की उरतात ४९,०५६. पहिला हप्ता भरूनही देणं रोखीच्या भावापेक्षा हजाराने जास्तच! ते सहा महिने फुकट नसतात ते इथे दिसतं. शेवटच्या हप्त्यानंतर वहीत दीडशेच्या आसपास उरतात, म्हणजे खरा दर २ टक्क्यांच्या किंचित खाली आहे.

संज्या७२
पटलं ताई. मी सगळी रक्कम शेवटपर्यंत आपल्याकडेच धरली होती.

केदार_पिंपरी
एक्सेलमध्ये एका ओळीत होतं. A1 मध्ये -48000, A7 ते A18 मध्ये 5000, मग
```
=IRR(A1:A18)
```
पण मला महिना ३.६ टक्के आलं. ताईंचं २ आणि माझं ३.६ कसं?

विद्याताई_सांगली
केदार, A2 ते A6 रिकामे ठेवलेस ना? रिकामा रकाना एक्सेल मोजतच नाही. त्याला वाटलं पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात आहे. त्या पाचही ठिकाणी 0 टाक.

केदार_पिंपरी
१.९८ 👍 बाराने गुणून २३.८, चक्रवाढीने साडेसव्वीस. आणि प्रोसेसिंग फी असली तर? मृणालताई, त्यांनी काही सांगितलं का?

मृणाल_नाशिक
हो, "फाइल चार्ज" हजार रुपये, वर जीएसटी.

विद्याताई_सांगली
मग १८ टक्के धरून आजच ११८० गेले. A1 मध्ये -46820 टाका, कारण हातात तेवढ्याच रकमेचा फायदा राहिला. दर २.२ वर जातो. हजार रुपये किरकोळ वाटतात, पण ते पहिल्याच दिवशी जातात म्हणून जड पडतात.

अनघा_न्यूजर्सी
इकडे फर्निचरच्या दुकानांच्या कार्डावर सहा महिने व्याज नाही असं असतं. मात्र मुदत संपताना थोडी जरी बाकी राहिली तर खरेदीच्या तारखेपासूनचं सगळं व्याज एकदम लागतं. त्यामुळे सहा महिन्यांच्या आत सगळं फेडून टाका मृणाल, तेच शहाणपण.

विद्याताई_सांगली
अनघा, तुमच्याकडे ते योग्य आहे. इथे व्याज आधीच किमतीत घातलंय, त्यामुळे लवकर फेडून आपोआप काहीच वाचत नाही. उलट सहाव्या महिन्यात सगळे ६०,००० दिले तर सहा महिन्यांच्या वापराचे २५ टक्के मोजले असं होतं, महिना पावणेचारच्या घरात. म्हणून लवकर फेडलं तर किती घेणार हे आधी लिहून घ्या. वरच्या वहीप्रमाणे त्या दिवशीची रास्त रक्कम ५४ हजार आहे.

रेश्मा_के
हेच विचारणार होते!! आमचे अजून तीन महिने राहिलेत, बोनस आलाय, दुकानदार म्हणतो एकदम द्या पण सूट नाही. काय करू?

केदार_पिंपरी
सूट नाही तर देऊ नका. बँकेत ठेवा, हप्त्याला हप्ता भरा. फक्त खात्यात रक्कम राहील हे बघा, परत गेला तर दंड दोन्हीकडून, बँकेचाही आणि त्यांचाही.

रेश्मा_के
🙏 आता स्वयंपाक, रात्री वाचते बाकीचं.

दिलीप_सुतार_कोल्हापूर
व्याजाचं तुम्ही बघताय ते ठीक, पण बॉक्स बेड कशाचा आहे? पार्टिकल बोर्ड असेल तर उघडझाप करून बिजागरीचा स्क्रू सैल होतो आणि एकदा भोक मोठं झालं की परत धरत नाही. भुसा निघतो बोटाला. प्लाय धरतो. झाकण उचलून आतली कड बघा, थर दिसले तर प्लाय, दाणे दिसले तर बोर्ड. वॉरंटी वर्षाची असेल तर ती संपते तेव्हा तुमचे पाच हप्ते बाकीच असतात, हेही धरा.

मृणाल_नाशिक
दादा, कडेला पट्टी चिकटवलेली होती, आतलं दिसलं नाही.

दिलीप_सुतार_कोल्हापूर
खालून बघा. खालची कड बहुतेक उघडी सोडतात.

हेमंत_ठाणे
हप्ते दुकानाचे की फायनान्स कंपनीचे? कंपनीचे असतील तर १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एक तक्ता द्यावाच लागतो, आपल्याला समजेल अशा भाषेत. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर, एपीआर, लिहिलेला असतो. सहीच्या आधी मागा. दुकान स्वतःच उधारीवर देत असेल तर हा तक्ता मिळणार नाही, ताईंची वही हाच आधार.

संज्या७२
तक्त्यात कर्ज ६०,००० आणि व्याज ० लिहिलं तर?

हेमंत_ठाणे
अडचण तीच. कागदावर शून्य येतं, कारण कंपनीच्या लेखी किंमतच ६०,००० आहे. दुकानाला ती काही रक्कम कापून देते, आणि ती कापलेली रक्कम दुकानाने आपल्या किमतीत आधीच चढवलेली असते. म्हणून रोखीचा भाव लेखी हवा. तोंडी नको, दुकानाच्या कोटेशनवर.

विद्याताई_सांगली
आणि कोटेशन मागताना हप्त्यांचं नाव काढायचं नाही. काढलं की रोखीचाही भाव ६०,००० च सांगतात.

केदार_पिंपरी
जीएसटीचं काय? बिल ६०,००० चं फाडलं तर १८ टक्के कर सगळ्यावर, म्हणजे व्याजावरसुद्धा. रोखीच्या बिलापेक्षा कर १,८३० जास्त. बिल ४८ चं आणि कर्जाचं व्याज वेगळं दाखवलं तर व्याजावर कर नाही ना?

हेमंत_ठाणे
फायनान्स कंपनीच्या कर्जावर नाही. दुकान स्वतः हप्ते घेत असेल तर मला वाटतं सगळ्यावर. कुणी सीए असेल तर सांगा.

मृणाल_नाशिक
उद्या परत जातेय, कोटेशन आणि बेडची खालची कड दोन्हींसाठी. टॉर्च घेऊन 🙂

दिलीप_सुतार_कोल्हापूर
पाठचा पाय ज्या कोपऱ्यात बसतो तिथे बघा, तिथे पट्टी लावत नाहीत.