शब्दचर्चा : एक्स-रेतला ‘झोन’ आणि ‘लोब’

गुहागरची ताई : छातीचा एक्स-रे कसा वाचावा याच्या टिपा मराठीत लिहितेय, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी. ‘लोब’ला ‘खंड’ म्हणते. ‘झोन’लाही तेच चालेल ना?

वेंगुर्लेकर : चालेल की. खालच्या झोनमध्ये पांढरं दिसलं की लोअर लोबचा न्यूमोनिया, असंच तर वाचतात.

क्ष-किरण, रत्नागिरी : इथेच मुलं चुकतात. झोन हे नुसत्या फिल्मवरचे आडवे भाग. वरचा दुसऱ्या बरगडीच्या पुढच्या टोकापर्यंत, मधला चौथीपर्यंत, उरलेला खालचा. लोब मात्र फुफ्फुसाचा खराखुरा भाग. उजवा मिडल लोब पुढे, हृदयाला चिकटून असतो, तर लोअर लोब पाठीमागे बराच वर चढलेला. समोरच्या फिल्मवर हे दोन्ही एकमेकांवर पडतात, त्यामुळे झोनवरून लोब ओळखता येत नाही.

तो कडेवरून ओळखायचा. हृदयाची कड दिसते ती शेजारच्या फुफ्फुसात हवा असते म्हणून. तिथे पू किंवा पाणी भरलं की दोन्ही सारखेच पांढरे होतात आणि कड पुसली जाते. समजा, उजवीकडे खाली पांढुरकं आहे. हृदयाची उजवी कड पुसलीय, पण डायफ्रॅमचा घुमट स्वच्छ आहे, तर मिडल लोब. घुमट पुसलाय आणि हृदयाची कड शाबूत आहे, तर लोअर लोब. शंका राहिली तर बाजूने फिल्म काढायची.

वेंगुर्लेकर : म्हणजे उजवी कड दिसली नाही की मिडल लोब, पक्कं?

क्ष-किरण, रत्नागिरी : नाही. पेशंट डावीकडे वळून उभा असेल तर हृदय डावीकडे सरकतं आणि उजवी कड मणक्यावर पडून दिसेनाशी होते. म्हणून आधी गळपट्टीच्या हाडांची आतली टोकं बघा. मधल्या मणक्याच्या काट्यापासून दोन्ही सारख्या अंतरावर हवीत. उजवं टोक काट्याजवळ आलं असेल तर पेशंट वळलेला आहे. मग श्वास मोजा. घुमटाच्या वर पुढच्या साधारण ६ बरगड्या दिसायला हव्यात. श्वास अर्धवट असेल तर खालचा भाग दाटतो आणि नसलेला न्यूमोनिया दिसतो.

मालवणी : माझ्या आवशीच्या रिपोर्टात ‘उजव्या लोअर झोनमध्ये हेझीनेस’ असा लिवलेला आसा. टीबी काय ओ?

क्ष-किरण, रत्नागिरी : एवढ्या ओळीवरून टीबी आहे की नाही, दोन्ही सांगता येत नाही. ‘हेझीनेस’ म्हणजे फक्त धूसर दिसतंय. कशामुळे, ते त्यात नाही. फिल्म डॉक्टरांना दाखवा आणि जुनी असेल तर तीही न्या. धूसर भाग नवा की जुनाच, हे दोन्ही शेजारी ठेवल्यावर कळतं.

गुहागरची ताई : मग लोबला खंड आणि झोनला ‘पट्टा’ लिहिते.

चिपळूणकर : पट्टा नको. फुफ्फुसाचा थोडा भाग मिटला की आडवी पांढरी रेघ दिसते, तिला आम्ही पट्टाच म्हणतो. ‘खालच्या पट्ट्यात पट्टा’ असं वाचून मुलं काय समजणार?

क्ष-किरण, रत्नागिरी : मुद्दा बरोबर आहे. मी ‘झोन’च ठेवला असता.

वेंगुर्लेकर : ‘भाग’ कसा वाटतो?

चिपळूणकर : लोबही भागच की.