नोकरी सांभाळून बारा आठवड्यांची तयारी: डीएसए, डिझाइन आणि उजळणी यांचा मेळ कसा बसवलात?

मेघना_हिंजवडी
सहा वर्षं जावा बॅकएंडवर काम करतेय, आता कंपनी बदलायची आहे. आठवड्याला बारा तास नक्की निघतात: सोमवार ते गुरुवार सकाळी दीड तास, शनिवार-रविवार तीन-तीन तास. शुक्रवार मोकळा. डीएसए आणि डिझाइन दोन्ही बारा आठवड्यांत बसवायचं आहे. अडतंय ते उजळणीपाशी. पहिल्या आठवड्यात सोडवलेला प्रश्न महिन्याभराने समोर आला की कोरा वाटतो. ज्यांनी हे नोकरी करत केलंय त्यांनी आपला आठवडा कसा भरला ते सविस्तर सांगा.

रोहित७७
आधी दहा आठवडे फक्त डीएसए आणि शेवटचे दोन डिझाइन, माझं तरी असंच जमलं. पहिली फेरी कोडिंगची असते आणि तिथेच चाळण लागते. ती पार झाली नाही तर डिझाइन विचारणार कोण? रोज दोन प्रश्न सोडवा, सराव झाला की उजळणी वेगळी लागत नाही.

जुना_खेळाडू
रोहित, चाळणीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि अनुभव दोन वर्षांच्या आत असेल तर तुमचा क्रमही चालतो. पण मी बरीच वर्षं मुलाखती घेतोय. सहा वर्षांच्या उमेदवाराला कोणत्या लेव्हलला घ्यायचं, हे बहुतेक वेळा डिझाइनच्या फेरीत ठरतं. दोन आठवड्यांत पाठ केलेलं डिझाइन दुसऱ्या उपप्रश्नाला उघडं पडतं.

मेघना, उजळणीचं गणित आधी मांडा, बाकी वेळापत्रक त्यातून आपोआप निघेल. सोडवलेला प्रत्येक प्रश्न तीनदा परत यायला हवा: तीन दिवसांनी, दहा दिवसांनी आणि चार आठवड्यांनी. आठवड्याला पाच नवे प्रश्न घेतलेत तर पाचव्या आठवड्यापासून दर आठवड्याला पंधरा प्रश्न परत येतात. एकाला बारा मिनिटं धरली तर तीन तास झाले. नवा प्रश्न टिपणासकट एक तास घेतो, म्हणजे पाच तास. उरलेले चार डिझाइनला. झाले बारा. आता नवे प्रश्न दहा करून बघा: दहा तास नव्याला, सहा उजळणीला, म्हणजे डिझाइन सुरू व्हायच्या आधीच सोळा. तास पुरेनासे झाले की पहिली कात्री उजळणीला लागते आणि महिन्याने प्रश्न कोरा वाटतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. आठव्या आठवड्यानंतर घेतलेल्या नव्या प्रश्नाची चार आठवड्यांची फेरी तुमच्या मुदतीत बसतच नाही. म्हणून ग्राफ, बॅकट्रॅकिंग, डीपी असे जड विषय आठव्या आठवड्याच्या आत सुरू करून संपवा. नवव्या-दहाव्यात नवे प्रश्न घ्या, पण ओळखीच्या प्रकारांतलेच आणि मिसळून, म्हणजे कोणता प्रकार आहे ते ओळखण्याचा सराव होतो. शेवटचे दोन आठवडे नवं काही नाही, फक्त मॉक आणि उजळणी.

श्रीरंग_अमरावती
गेटच्या उजळणीसाठीही हेच गणित चालेल का? माझी परीक्षा फेब्रुवारीत आहे.

जुना_खेळाडू
श्रीरंग, अंतरं ठेवून उजळणी चालेल, पण वाटणी नाही. गेटला ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस, टीओसी असे बरेच विषय आहेत आणि तीन तासांत ६५ प्रश्न सोडवायचे असतात. इथे पाऊण तासात एक-दोन प्रश्न बोलत बोलत सोडवायचे असतात. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

मेघना_हिंजवडी
परत आलेला प्रश्न बारा मिनिटांत होतो कसा? मला पुन्हा पाऊण तास लागतो.

सई_कोल्हापूरकर
मी सांगते, कारण माझाही घोळ इथेच होता. उजळणीत सगळा कोड लिहायचा नाही. फक्त प्रश्न वाचायचा आणि पाच मिनिटांत मोठ्याने सांगायचं: प्रकार कोणता, का, आणि वेळेची गुंतागुंत किती. मग ज्या ओळींवर आपण घसरतो तेवढ्याच लिहायच्या. बायनरी सर्चमध्ये माझा घोळ कायम टोकांपाशी असतो, म्हणून मी एवढंच लिहिते:

```java
while (lo < hi) {
    int mid = lo + (hi - lo) / 2;
    if (a[mid] < x) lo = mid + 1;
    else hi = mid;
}
```

इथे `lo <= hi` लिहून `hi = mid` तसंच ठेवलं, तर दोन्ही टोकं एकत्र आल्यावर लूप तिथेच फिरत राहू शकतो. वहीत प्रश्नाशेजारी मी कारण लिहून ठेवते: "प्रकार ओळखला नाही" की "टोकं चुकली". पहिलं कारण असेल तर तो प्रश्न पुन्हा तीन दिवसांच्या फेरीत. टोकं चुकली असतील तर तेवढ्या ओळी दुसऱ्या दिवशी लिहायच्या, बस.

निनाद_टोरांटो
माझा प्रश्न थोडा वेगळा. दर चौथ्या आठवड्याला माझी ऑनकॉल पाळी असते, त्यात तीन तासही धड मिळत नाहीत. चौथा, आठवा आणि बारावा आठवडा गेल्यातच जमा. कोणी असं निभावलंय का?

जुना_खेळाडू
निनाद, पाळीच्या आठवड्यात फक्त उजळणी ठेवा. तीन तासांत तेवढीच मावते. त्याच्या आधीच्या आठवड्यात नवे प्रश्न पाचाऐवजी दोन-तीन घ्या, म्हणजे पाळीत परत येणारा ढीग लहान राहतो. बारावा आठवडा मात्र मॉकचा आहे. तिथे पाळी कोणाशी तरी बदलून घ्या, नाहीतर सगळं वेळापत्रक आठवडाभर आधी सुरू करा.

सई_कोल्हापूरकर
डिझाइनच्या चार तासांबद्दल कोणी लिहिलं नाही. मी शनिवारी एकच सिस्टिम घेते आणि दोन आठवड्यांनी तीच कोऱ्या कागदावर पस्तीस मिनिटांत पुन्हा मांडते. उदाहरणार्थ यूआरएल शॉर्टनर. महिन्याला १० कोटी नव्या लिंक धरल्या तर सेकंदाला साधारण ३९ नोंदी. एका नोंदीमागे शंभर वाचनं धरली तर सेकंदाला ३,९०० च्या आसपास. एक नोंद ५०० बाइट म्हटली तर पाच वर्षांत ६०० कोटी नोंदी, म्हणजे ३ टीबी. यातून दिसतं की लिहिण्याचा भार किरकोळ आहे, खरी अडचण वाचनाची, म्हणून कॅश. पण "कॅश लावू" म्हणून पुढे गेलात की समोरचा लगेच विचारतो, कॅशमध्ये नसेल तर काय, लिंक रद्द झाली तर काय. मग ३०१ की ३०२? ३०१ दिलात तर ब्राउझर उत्तर साठवून ठेवू शकतो, पुढचे क्लिक सर्व्हरपर्यंत येत नाहीत आणि मोजणी हुकते. दुसऱ्यांदा मांडताना असे प्रश्न आपले आपणच सुचले, तर ती सिस्टिम पक्की झाली असं मी समजते.

रोहित७७
आठवड्याला चार तास डिझाइनला आधीपासून द्यायला हवेत, हे पटलं. पण पाचाच्या हिशोबाने दहा आठवड्यांत पन्नासच प्रश्न होतात, ते कमी नाहीत का? माझ्या एका फेरीत कधीच न पाहिलेला मोनोटॉनिक स्टॅक आला होता.

जुना_खेळाडू
ज्यांचा पाया नवा आहे त्यांना पन्नास कमी पडतील, हे मान्य. मेघनाला ॲरे-हॅशिंग आधीपासून येत असेल तर ते प्रश्न न मोजता पन्नास बाकीच्या प्रकारांवर घालता येतील. मोनोटॉनिक स्टॅकचे दोन नक्की घ्या.

सई_कोल्हापूरकर
आणि डीपी? मी एक-मितीय आणि ग्रिडचे मिळून सहा-सात प्रश्न केले आणि तिथेच थांबले.

जुना_खेळाडू
मी नॅपसॅकही घ्यायला सांगेन. पण मी ज्या टीमसाठी मुलाखती घेतो तिथे डीपी फारसं विचारत नाहीत, त्यामुळे माझं मत प्रमाण धरू नका. जिथे अर्ज करताय तिथे अलीकडे मुलाखत दिलेल्या कोणाला तरी विचारा.

मेघना_हिंजवडी
वेळापत्रक बदललं. सोमवार ते बुधवार सकाळी रोज एक नवा प्रश्न आणि अर्धा तास उजळणी. गुरुवारी दीड तास फक्त उजळणी. शनिवारी तीन तास डिझाइन. रविवारी दोन नवे प्रश्न आणि एक तास जुनं डिझाइन कोऱ्या कागदावर. उजळणीचे तीन तास नीट बसले. मॉकसाठी जोडीदार अजून नाही. जावावालं कोणी शनिवारी सकाळी मोकळं असेल तर कळवा, अकराव्या आठवड्याच्या आधी एक-दोन फेऱ्या करून बघायच्या आहेत.