विषय: लघुपट, शनिवार १५ नोव्हेंबर: वेळापत्रक आणि चेकलिस्ट

ऋचा:
नमस्कार मंडळी, 'आजीची पोळी'ची संहिता सगळ्यांना पाठवली आहे. ७ पानं, ३ कलाकार, कॅमेऱ्यामागे ५ जण. शूटिंगला एकच दिवस. जागा दोन: आमचं हॅरोचं घर (स्वयंपाकघर, हॉल, मागचं अंगण) आणि पार्कमधला बाक, गाडीने १० मिनिटांवर. शॉटची यादी केली तर २२ भरले. दिवसाची आखणी कशी करू? कॉलटाइम सकाळी ९ चा ठेवला तर चालेल ना?

मंदार:
एक पान म्हणजे एक मिनिट, तेव्हा फिल्म ७ मिनिटांची. तासाला एक पान धरलं तर ७ तास. ९ ला सुरू, ५ ला पॅकअप, मध्ये जेवण. आरामात होईल.

शुभदा:
मंदार, तासाला एक पान हा वेग अशक्य नाही, पण पानाचं गणित इथे लागू नाही. पान-मिनिटाचा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या टाइपावर आणि मांडणीवर बसवलेला आहे. ऋचाची संहिता देवनागरीत, वर्डमध्ये, आणि संवाद पानभर पसरलेले. तिघांनी मोठ्याने वाचा, मोबाइलवर वेळ लावा. आजीच्या थांबण्यासकट ११ मिनिटं झाली तरी मला नवल वाटणार नाही.

आखणी सेटअप मोजून करायची, शॉट मोजून नाही. कॅमेरा आणि दिवे हलले की नवा सेटअप. ऋचाच्या २२ पैकी ४ इन्सर्ट आहेत: कणकेवरचे हात, फोनचा पडदा, तवा, दाराची कडी. त्यात चेहरे नाहीत, त्यामुळे ते कुठल्याही फटीत बसतात. उरलेले १८ शॉट एकाच जागेवरून कोणकोणते निघतात ते पाहून मी जुळवले, तेव्हा १४ सेटअप झाले. आपल्यासारख्या हौशी मंडळींना एका सेटअपला २५ मिनिटं धरा, म्हणजे ३५० मिनिटं. जेवण, मांडामांड, पहिल्या शॉटचा ठरलेला उशीर हे सगळं त्यावर.

आता उजेड. १५ तारखेला लंडनमध्ये सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे कॉलटाइम ८, पहिला शॉट ९. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी ओट्यावर ऊन येईल आणि दुपारी नसेल. तिथले दिवसाचे आठही सेटअप सलग घ्या, ९ ते १२:३०, आणि त्यातही ओटा दिसणारे आधी. १:१५ पर्यंत जेवण. मग बाहेरचे तीन, २:३० पर्यंत. हॉलमधला रात्रीचा प्रसंग ५ ला सुरू. बाहेर खरोखर काळोख असेल, खिडक्यांना काळं कापड लावायला नको. तीन सेटअप, सव्वासहाला संपलं. मधल्या अडीच तासांत इन्सर्ट, हॉलचे दिवे आणि सकाळचं काही राहिलं असेल तर ते.

पार्क काढून टाक, असं माझं मत. गाडीने १० मिनिटं, पण सामान आवरायला २०, पार्किंगला १०, पुन्हा मांडायला २०, आणि कोणीतरी मायक्रोफोनची बॅटरी घरी विसरणार. त्या भानगडीत तीन सेटअप जातात. शिवाय पार्क कौन्सिलचं, परवानगी लागेल. मागच्या अंगणात बाक टाका. कुंपण दिसू नये म्हणून कॅमेरा थोडा वरून लावा.

दिलीपकाका:
सगळं ठीक, पण रंगमंचावर पहिल्या अंकाआधी दुसरा अंक कोणी करत नाही. आजी रात्री रडते, ते दिवसभराच्या भांडणानंतर. तुकडे करून नटाला सूर कसा लागायचा? क्रमानेच करा.

शुभदा:
काका, तुमचं म्हणणं निम्मं पाळता येतं. आपल्या नशिबाने रात्रीचा प्रसंग शेवटीच येतो. स्वयंपाकघरातले तीन प्रसंगही कथेच्या क्रमाने घेऊ. क्रम मोडतो तो फक्त अंगणाचा: कथेत पहिला, आपल्याकडे जेवणानंतर. एका प्रसंगात मात्र आजीचा क्लोजअप आधी आणि वाइड नंतर घ्यावा असं मला वाटतं, कारण आठव्या टेकला डोळ्यांत पाणी येत नाही.

दिलीपकाका:
क्लोजअप आधी घेतलात तर समोरच्या नटाला काय सापडणार? मला पटत नाही. तालमीला बघू.

अनघा:
प्रोजेक्टर मंडळाचा आहे, पण त्याची एचडीएमआय केबल सापडत नाही. १५ तारखेला हॉल किती वाजता उघडायचा?

ऋचा:
अनघाताई, १५ ला शूटिंग आहे, दाखवायचं नंतर. तेव्हा केबल लागेलच, शोधून ठेवाल का? शुभदाताई, पार्क काढला. चेकलिस्टमध्ये काय काय घालू?

शुभदा:
कॅमेरा-ट्रायपॉड कोणी विसरत नाही, ती यादी तू करशीलच. जे अडवतं ते सांगते.

कणीक. आजी लाटताना बोलते. तीन सेटअप, प्रत्येकी आठ टेक, म्हणजे २४ गोळे. गोळ्याला ४० ग्रॅम पीठ धरलं तर किलोभर पिठाची कणीक लागेल. सगळी सकाळी मळू नका, तासाभरात वरून सुकते आणि दुपारपर्यंत काळपट पडते, मग आधीच्या शॉटशी रंग जुळत नाही. अर्धी ८ ला, अर्धी साडेदहाला, दोन्हींवर ओलं फडकं. प्रत्येक कटनंतर ओट्याचा फोटो: किती पोळ्या झाल्या, पीठ कुठे सांडलंय, चहाचा कप किती भरलाय.

संवादाच्या वेळी गॅस बंद, तवा गार. चिमणी लावली तर आवाज खराब, न लावली तर धूर आणि अलार्म. पोळी फुगतानाचा शॉट आणि तिचा आवाज वेगळे घ्या. फ्रिज बंद केलात की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे घरी जाताना तो चालू करायची आठवण राहते. प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प बसून ३० सेकंद नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. तो नसला तर एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधे भोकं पडल्यासारखी वाटतात.

आणि माणसं. कॅमेरा, आवाज, दिग्दर्शन, कंटिन्युइटी, आणि पाचवा माणूस फक्त घड्याळासाठी. त्याच्या कागदावर प्रत्येक सेटअपपुढे 'अ' किंवा 'ब'. 'ब' म्हणजे गेला तरी गोष्ट कळते. ११ वाजता चौथा सेटअप संपलेला नसला तर त्याने न विचारता एक 'ब' खोडायचा. हे काम दिग्दर्शकाकडे दिलं तर एकही खोडला जात नाही. चहा करायला आवाजवाल्याला पाठवू नका, घरातलं सहावं कोणीतरी बघा.

मंदार:
माझ्या आयफोनवर मुलीच्या नाचाचं शूट केलं होतं, दिवे लुकलुकत होते. फोनच बिघडला असेल का? दुसऱ्याचा आणू?

शुभदा:
फोन ठीक असणार. इथली वीज ५० हर्ट्झची आणि फोन मुळात ३० फ्रेमवर असतो, त्यामुळे काही एलईडी लुकलुकतात. `Settings > Camera > Record Video` मध्ये `Show PAL Formats` चालू कर, 25 fps निवड. शटर हाताने लावता येत असेल तर 1/50. तरी हॉलचे दिवे आदल्या रात्री १० सेकंद शूट करून लॅपटॉपवर बघ, फोनच्या छोट्या पडद्यावर कळत नाही. एखादा बल्ब लुकलुकलाच तर तो बदला.

ऋचा:
घड्याळ मंदारकडे देते, कॅमेरा निखिल बघेल. एक राहिलं: मंडळाचा विमा कार्यक्रमांसाठी आहे, कोणाच्या घरच्या शूटिंगला तो लागू होतो का? खजिनदारांना विचारलंय, उत्तर आलेलं नाही. तोवर केबल जमिनीला टेपने चिकटवणं चेकलिस्टमध्ये पहिल्या ओळीत घातलंय.

अनघा:
केबल सापडली, पण व्हीजीए निघाली.