मदत हवी आहे: ऑयलर पद्धतीत h² ची चूक शेवटी h ची कशी होते?

अवकल समीकरणांची ऑयलर पद्धत शिकतोय आणि एका जागी अडलोय. y' = y, y(0) = 1 घेऊन x = 1 पर्यंत गेलो.

h = ०.१ ठेवल्यावर पहिल्या पायरीला उत्तर १.१ येतं, खरं १.१०५१७. म्हणजे चूक ०.००५१७. h = ०.०५ केल्यावर पहिल्या पायरीची चूक ०.००१२७, जवळपास चौथाई. इथवर पटलं, कारण टेलर मालिकेतलं h²/2 चं पद आपण सोडून देतो.

पण x = 1 ला खरं उत्तर २.७१८२८ असताना मला आधी २.५९३७४ आणि मग २.६५३३० मिळालं. चूक ०.१२४५ वरून ०.०६५०, फक्त निम्मी!

पायऱ्या 1/h असतात, म्हणून h² × 1/h = h, हे कळतं. मात्र ०.००५१७ च्या दहापट ०.०५१७ होते, प्रत्यक्षात चूक त्याच्या दुपटीहून जास्त आहे. माझा अंदाज असा: जुनी चूक प्रत्येक पायरीला (1 + h) ने गुणली जाते, आणि y वाढत असल्यामुळे पुढच्या पायऱ्यांची नवी चूकही मोठी असते. y' = -y घेतलं तर उलट घडतं, तिथे शेवटची चूक ०.०१९२ म्हणजे साध्या बेरजेपेक्षा बरीच कमी आहे.

मग असं गुणत जाऊनही h चा घात एकच का राहतो? (1 + h)ⁿ ≤ e^(nh) आणि nh = 1 ठरलेलं, म्हणून गुणक h वर अवलंबून नसलेल्या मर्यादेत राहतो, एवढंच कारण पुरेसं आहे का? आणि y' = f(x, y) मध्ये f ला लिप्शित्झ स्थिरांकच नसेल, तर हा युक्तिवाद नेमका कुठे तुटतो? कुणी पायरीपायरीने दाखवाल का?