रिटेन्शनच्या आलेखात ‘गळती’ नेमकी कशाला म्हणायची?

सुईदोरा

माझ्या वहिनी शिवणकामाचा यूट्यूब चॅनल चालवतात आणि मी त्याचं संकलन व आकडेवारी बघते. दर महिन्याला त्यांच्यासाठी मराठीत एक पानाचं टिपण लिहायचं असतं. त्यात ‘ड्रॉप-ऑफ’ला, म्हणजे आलेखाची रेषा खाली उतरते त्याला, मी सरसकट ‘गळती’ लिहीत आले. परवा वहिनी म्हणाल्या, “तुझं टिपण वाचून वाटतं, अख्खा व्हिडिओ गळतोय. लोक नेमके जातात कुठे ते सांग की.” प्रश्न शब्दाचाही आहे आणि आलेख वाचण्याचाही.

व्हिडिओचा कुठला भाग किती बघितला गेला ते दाखवणाऱ्या रिटेन्शनच्या आलेखाच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतं ते असं. व्हिडिओ कटोरी ब्लाऊजच्या कटिंगचा, लांबी १२:३०. सरासरी पाहण्याचा वेळ ४:४२, म्हणजे ३७.६ टक्के. ०:३० ला ६२ टक्के लोक टिकलेले. मग १:१० ला रेषा ५५ वरून उतरते, ४१ पर्यंत जाते आणि २:०५ ला भिंतीसारखी सरळ चढून ५२ वर येते. ४:४० ला एक उंचवटा आहे, ४६ वरून ५८, आणि मग पुन्हा ४५. शेवटी ७:२० च्या आसपास ४० वरून थेट २७, तिथून मात्र वर येत नाही, रांगत रांगत दहाच्या खाली जाते.

यातली गळती कुठली? की सगळीच?

आलेखवाला

यात अवघड काय आहे? रेषा खाली गेली की लोक गेले, वर गेली की नवे आले. सगळ्यात मोठी गळती १:१० ची, ५५ वरून ४१, म्हणजे १४ टक्के. तिथे वहिनी काय बोलतात ते कापून टाका, काम झालं. शब्द ‘गळती’च बरोबर आहे, उगाच फाटे कशाला?

कातरकाम

आलेखवाले, उलट आहे. मोठी गळती ७:२० चीच आहे आणि १:१० ला गळती जवळजवळ नाहीच. मी रोज हेच आलेख बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही रेषा ‘किती माणसं अजून बसलेली आहेत’ असं दाखवत नाही. व्हिडिओचा तो तुकडा किती वेळा पाहिला गेला, भागिले एकूण व्ह्यूज, एवढंच ती दाखवते. त्यामुळे रेषा उतरण्याची कारणं दोन: माणूस उठून गेला, किंवा माणूस बसलाच आहे पण त्याने बोट सरकवून तो तुकडा ओलांडला. दोन्ही वेळी रेषा सारखीच उतरते. फरक कळतो तो पुढे, ती परत चढते का यावरून.

ताई, तुमच्या चित्रात १:१० च्या आधी ५५ आहेत आणि २:०५ ला ५२. म्हणजे त्या जवळजवळ मिनिटभराच्या पट्ट्यात खरे गेले ते तीनच्या आसपास, आणि ते साध्या उतारातही गेले असते. बाकीचे पुढे गेले आणि थांबले. चढ भिंतीसारखा सरळ आहे म्हणता, तर २:०५ ला चॅप्टरची खूण असणार. खुणेवर टिचकी मारली की सगळे एकाच सेकंदाला उतरतात, म्हणून भिंत दिसते. दोनदा टॅप करून दहा-दहा सेकंद पुढे जाणारे असते तर चढ तिरका आला असता.

७:२० ला तसं नाही. तिथे रेषा पडते आणि पडलेलीच राहते. हीच गळती. मी अशा आकाराला ‘पायरी’ म्हणतो आणि १:१० सारख्याला ‘खड्डा’. खड्ड्याला दोन काठ असतात, पायरीला एकच.

एक काळजी घ्या. पडझड जिथे दिसते तिथे कारण सापडेलच असं नाही. माणूस कंटाळतो, जरा वाट बघतो, मग जातो. त्यामुळे ७:२० च्या आधीची वीस सेकंदं ऐका. तिथे काय आहे?

सुईदोरा

सर, २:०५ ला चॅप्टर आहेच: ‘माप कसं घ्यायचं’. त्याआधी कापड कुठून घेतलं, मीटरला काय भाव, कुठल्या रंगाचं अस्तर, असं बोलणं आहे.

७:०८ ला वहिनी कात्री खाली ठेवून म्हणतात, “झालं बघा कटिंग. आता हे जोडायचं कसं ते बघू.” पुढची पाच मिनिटं शिलाईची आहेत.

जुना मास्तर

आलेखातलं मला फार कळत नाही, पण ‘गळती’ हा शब्द मी तीस वर्षं कागदावर लिहिला आहे. पहिलीत नाव घातलेलं मूल चौथीत दिसलं नाही, तर लगेच गळती धरत नसू. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेलं मूल गळतीत येत नाही. तिथे शिकणं थांबलेलं नसतं, जागा बदललेली असते. कातरकाम यांचं म्हणणं मला त्याच जातीचं वाटतं. मिनिटभराचा भाग ओलांडून पुढच्या धड्यावर बसलेल्याला गळालेला म्हणू नये.

पण माझा एक प्रश्न आहे. जे मूल शिकून, परीक्षा देऊन गेलं त्यालाही गळती म्हणत नाहीत. ७:०८ ला कटिंग संपलं, आणि मथळ्यात तर ‘कटिंग’च आहे. ज्याला तेवढंच हवं होतं तो शिकून गेला. त्याला कुठला शब्द?

कातरकाम

मास्तर, हा मुद्दा खरा आहे आणि आलेख इथे मुका आहे. काम झालं म्हणून गेलेला आणि वैतागून गेलेला, दोघांची पायरी सारखीच दिसते. मग बाजूचा पुरावा शोधावा लागतो. यूट्यूब स्टुडिओत हाच आलेख नवे प्रेक्षक आणि परत येणारे असा वेगळा करून बघता येतो. सबस्क्राइब केलेले आणि न केलेले असंही बघता येतं. शोधून आलेला नवा माणूस कटिंग संपताच गेला आणि नेहमीचे शिलाईला बसले, असं दिसलं तर तुमचं म्हणणं बरोबर. दोघेही एकाच जागी पडले, तर शिलाईच्या सुरुवातीत काहीतरी ढिलं आहे.

फुलोरा

माझ्या रांगोळीच्या शॉर्टमध्ये रेषा पहिल्या सेकंदाला ११८ टक्के दाखवते. शंभरातले एकशे अठरा कसे बघतील? कुणीतरी खोटे व्ह्यूज टाकलेत की काय, अशी भीती वाटतेय. आणि ‘गळती’ शंभराच्या वरून मोजायची की शंभरापासून?

कातरकाम

फुलोराताई, घाबरू नका. शॉर्ट संपला की पुन्हा पहिल्यापासून चालू होतो. तोच माणूस पहिला सेकंद दोनदा बघतो, दोन्ही वेळा तो तुकडा मोजला जातो आणि रेषा शंभराच्या वर जाते. सुईदोरा यांच्या ४:४० च्या उंचवट्याचं कारणही बहुतेक हेच, फक्त तिथे व्हिडिओ आपोआप फिरत नाही, लोक मागे ओढून पुन्हा बघतात.

शॉर्टची रेषा मात्र लांब व्हिडिओच्या मापाने वाचू नका. मोजायचीच तर सर्वांत वरच्या जागेपासून मोजा.

आलेखवाला

म्हणजे वर गेली की नवे आले, हे माझं चूकच?

कातरकाम

निम्मं बरोबर आहे. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर ४:४० च्या वेळेसकट दुवा पाठवला, तर माणसं थेट तिथे उतरतात आणि उंचवटा त्यांचाही असतो. दोन्ही वेगळे करायचे तर चित्रावरून जमत नाही. यूट्यूबच्या अ‍ॅनालिटिक्स एपीआयमध्ये चॅनलच्या मालकाला हे मिळतं:

```
dimensions=elapsedVideoTimeRatio
metrics=audienceWatchRatio,startedWatching,stoppedWatching
filters=video==VIDEO_ID
```

व्हिडिओचे शंभर समान तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यापासून किती जणांनी बघायला सुरुवात केली आणि कोणता तुकडा किती जणांचा शेवटचा ठरला, हे त्यात येतं. ‘गळती’ हा शब्द मी या `stoppedWatching`साठीच राखून ठेवीन.

ताई, तुमचा व्हिडिओ ७५० सेकंदांचा, म्हणजे एक तुकडा साडेसात सेकंदांचा. “अमुक वाक्याला लोक गेले” असं यावरून म्हणता येणार नाही. “या दोन वाक्यांच्या आसपास” एवढंच.

भाषांतरी

शब्दाकडे परत येऊ. आलेखवाल्यांनी ‘१४ टक्के गळती’ लिहिलं, त्याला माझी हरकत आहे. ५५ वरून ४१ म्हणजे शंभरातले १४, पण त्या क्षणी बघणाऱ्यांतले २५ टक्के. ४० वरून २७ म्हणजे शंभरातले १३, पण बघणाऱ्यांतले जवळजवळ तिसरा हिस्सा. नुसतं ‘टक्के’ लिहिलं की यातलं कुठलं ते वाचणाऱ्याला कळत नाही. “रेषा १३ अंकांनी उतरली, बघणाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा गेला” असं दोन्ही लिहावं. वाक्य लांबतं, पण वहिनींना नेमका अर्थ कळतो.

‘घसरण’ मी सावकाश उताराला ठेवीन. ‘खड्डा’ला माझा विरोध नाही, पण टिपणात ‘वगळलेला भाग’ लिहिलं तर आकार आणि कारण दोन्ही कळतात.

सुईदोरा

आकडे काढले. १:१० ते २:०५ मध्ये `stoppedWatching` आसपासच्या इतकाच आहे, कुठेही फुगवटा नाही. ०.५९ ते ०.६१ या तुकड्यांत, म्हणजे ७:१५ पासून ७:३७ पर्यंत, मोठा फुगवटा आहे. ४:४० ला `startedWatching` जेमतेम हलतो. तिथे मुंड्याचा गोल आखलाय, तर लोक मागे जाऊन तेच पुन्हा बघतात असं दिसतं. खाली प्रतिक्रियांमध्ये दोघींनी विचारलंय, मुंडा छातीच्या मापावरून कसा काढला. तो भाग लोकांना आवडतो म्हणून परत बघतात की समजत नाही म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही.

नवे आणि परत येणारे वेगळे करून पाहिले. पायरी दोन्हींत आहे, नव्यांची खोल, जुन्यांची निम्मी.

कातरकाम

मग थोडं मास्तरांचं, थोडं माझं. मी असतो तर शिलाईचा व्हिडिओ वेगळा केला असता आणि ७:०८ चं “झालं बघा कटिंग” काढून टाकलं असतं. ते वाक्य माणसाला उठायची परवानगी देतं.

जुना मास्तर

मी वेगळा करणार नाही. परत येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त बसतात, आणि ज्या घरी शिवून बघतात त्या त्यांच्यातल्याच असणार. त्यांना पुढचा भाग शोधायला का लावायचा?

भाषांतरी

तुम्ही दोघे व्हिडिओचं ठरवा. माझ्यापुरतं एवढंच अडतं: पहिल्या तीस सेकंदांत ३८ जण गेले, त्यांना काय म्हणायचं? त्यांनी धड बघितलंच नाही. मथळा आणि चित्र बघून आले, अपेक्षेसारखं दिसलं नाही, परत गेले. मी त्याला ‘परतणारे’ लिहिते. ‘गळती’ म्हणायला माणूस आधी आत यायला हवा.

कातरकाम

इथे मी तुमच्याशी सहमत नाही. त्या ३८ जणांतले काही पंचवीस सेकंदं बसलेले असतील, त्यांनी आत येऊनच निर्णय घेतला. तिथल्या चार तुकड्यांचे `stoppedWatching` ताईंनी टाकले तर कळेल, सगळे पहिल्याच तुकड्यात गेले की पसरून. शिवाय स्टुडिओत सारख्या लांबीच्या मागच्या दहा व्हिडिओंचा राखाडी पट्टा दिसतो. ६२ हे त्या पट्ट्याच्या आत आहे की खाली, ते आधी बघा.

सुईदोरा

पट्ट्याच्या आतच आहे, जरा वरच्या बाजूला. तुकड्यांचे आकडे आज रात्री टाकते.